बारावीनंतरची दोन वर्षे कामात गेली : प्राचार्यांना द्यायचे खंडाचे पत्र कसे लिहावे?

द्राक्षबाग_निफाड (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार. मी २०२३ मध्ये वाणिज्य शाखेतून बारावी उत्तीर्ण झालो. ६०० पैकी ४७० गुण मिळाले होते. निकालाच्या आठ दिवस आधी वडिलांचा अपघात झाला आणि त्यानंतरची दोन वर्षे मी पिंपळगाव बसवंत येथे एका कांदा व्यापाऱ्याच्या गाळ्यावर काम केले. यंदा २०२५-२६ साठी प्रथम वर्ष बी.कॉम.ला अर्ज केला आहे. महाविद्यालयाच्या कार्यालयाने गॅपचे प्रतिज्ञापत्र तर मागितलेच, पण त्यासोबत प्राचार्यांच्या नावे खंडाचे कारण सांगणारे पत्रही द्यावे असे सांगितले. तेच पत्र शुल्क-साहाय्य समितीपुढेही जाणार आहे. माझा मसुदा असा आहे :

> मा. प्राचार्य महोदय, सविनय सादर की, मी अत्यंत गरीब कुटुंबातील विद्यार्थी असून काही अपरिहार्य घरगुती अडचणींमुळे माझ्या शिक्षणात दोन वर्षांचा खंड पडला. माझ्या वडिलांचा भीषण अपघात झाला व आमच्या कुटुंबावर दुःखाचा डोंगर कोसळला. या काळात मी मिळेल ते काम करून घर चालवले. मला शिक्षणाची अत्यंत आवड आहे. तरी आपण माझ्यावर कृपा करून मला प्रवेश द्यावा, ही नम्र विनंती.

वाचून पाहावे आणि काय कमी आहे ते मोकळेपणाने सांगावे. माझी मोठी अडचण अशी की पगार रोख मिळत होता, त्यामुळे नोकरीचा कोणताही कागद माझ्याकडे नाही.

---

विनायक_७

पत्राची फार चिंता करू नका. कार्यालयाला खरा रस प्रतिज्ञापत्रात असतो. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी करून घ्या, मजकूर टंकलेखकाकडे तयारच असतो. मात्र एक गोष्ट आधीच सांगतो, ती म्हणजे दोन वर्षांचा खंड असेल तर राजर्षी शाहू शिष्यवृत्ती मिळत नाही. महाडीबीटीच्या पात्रतेत तसे स्पष्ट लिहिलेले आहे. त्यामुळे त्या आशेवर शुल्काचे गणित मांडू नका. शिवाय २०२३ मध्ये तुम्ही अठरा वर्षांचे होता का? नसल्यास कामाचा उल्लेख पत्रात करूच नका, कारण तो बालकामगार कायद्याचा विषय होईल आणि तुमचा व्यापारी अडचणीत येईल.

---

दप्तरदार

मी एका अनुदानित महाविद्यालयाच्या कार्यालयात अठ्ठावीस वर्षे होतो आणि त्यातली बरीच वर्षे प्रवेशाच्या खिडकीमागे गेली. विनायकरावांच्या तीन मुद्द्यांपैकी प्रत्येकात थोडे खरे आहे, पण तेवढ्यावर विसंबून राहू नका.

शिष्यवृत्तीच्या पात्रतेत दोन वर्षांच्या खंडाची अट आहे, हे खरे. पण ती अभ्यासक्रमाच्या कालावधीत पडलेल्या खंडाविषयी आहे, म्हणजे प्रथम वर्ष करून मध्ये दोन वर्षे सोडली तर. बारावी आणि पदवीचे पहिले वर्ष यांच्यामधला खंड हा वेगळा विषय आहे. अर्ज भरताना तो दाखवावा लागतो आणि त्याचा कागद जोडावा लागतो, इतकेच. उलट तो लपवला तर बारावीच्या गुणपत्रिकेवरच्या वर्षामुळे तो दिसतोच आणि अर्ज त्रुटीत परत येतो.

बालकामगारांच्या कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आहे आणि चौदा ते अठरा या वयात खाणी, ज्वालाग्राही पदार्थ, स्फोटके आणि धोकादायक प्रक्रिया यांत बंदी आहे. गाळ्यावर बसून हिशेब लिहिणे त्यात येत नाही.

मुद्रांकाचे म्हणाल, तर ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या जागी पाचशेचा मुद्रांक सुरू झाला, पण शासकीय कार्यालयांत सादर करायच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे. महाविद्यालये मात्र आपापल्या सवयीने मागतात. तेव्हा पैसे घालण्यापूर्वी साध्या कागदावरचे चालेल का, नोटरीचे हवे की तहसील कार्यालयातले, हे खिडकीवर विचारून घ्या.

आता मूळ पत्राकडे येतो. हे पत्र वाचणारा माणूस तुमच्या दुःखाची खोली मोजायला बसलेला नसतो. त्याच्या मनात एकच प्रश्न असतो आणि तो कोणी उघड विचारत नाही. हा मुलगा ज्या कारणाने दोन वर्षे थांबला, त्याच कारणाने दिवाळीनंतर पुन्हा निघून जाईल का? जागा अडली, साहाय्य दिले आणि मुलगा दुसऱ्या सत्राला आलाच नाही, असे आम्ही फार वेळा पाहिले आहे. तुमच्या मसुद्यात अपघात आहे, गरिबी आहे, आवड आहे, पण आज परिस्थितीत काय बदलले याबद्दल एकही वाक्य नाही. पत्राचा सर्वांत महत्त्वाचा परिच्छेद तोच.

म्हणून मला आधी हे सांगा : अपघात कोणत्या तारखेला झाला आणि नेमके काय झाले, काम कधीपासून कधीपर्यंत आणि कोणते, पगार किती आणि तो कशासाठी लागत होता, वडील आज काय करतात, आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला कुठे आहे?

---

रानमोगरा

माझाही असाच अनुभव आहे म्हणून लिहिते. बाळंतपणानंतर माझी नोकरीत तीन वर्षांची खंडित सेवा झाली होती आणि मुलाखतीत तेच विचारत. मी त्या काळात केलेल्या संगणकाच्या वर्गांची यादी अर्जात सर्वांत वर टाकली आणि खंडाचा विषय एका ओळीत संपवला. तुम्हीही या दोन वर्षांत एखादा टॅलीचा वर्ग केला असल्यास त्यावर भर द्यावा, म्हणजे खंडाकडे लक्षच जाणार नाही.

---

द्राक्षबाग_निफाड

रानमोगराताई, मी कोणताही वर्ग केलेला नाही आणि मला मुलाखत नसून महाविद्यालयात प्रवेश हवा आहे. तरी आपण वेळ काढून लिहिले याबद्दल आभार.

दप्तरदार काका, आपल्या प्रश्नांची उत्तरे देतो.

वडील स्वतःच्या टेम्पोने कांदा आणि द्राक्षाच्या पेट्या वाहत. १७ मे २०२३ रोजी गाडीला मागून धडक बसली आणि त्यांच्या उजव्या मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया करून आत सळई बसवली. पाच महिने ते काठीशिवाय चालू शकत नव्हते आणि गाडी तर दीड वर्ष चालवली नाही. टेम्पोवर कर्ज होते, त्याचा हप्ता महिन्याला ११,४०० रुपये. गाडी उभी असली तरी हप्ता थांबत नाही. गाडी विकून टाकावी असे नातेवाईक म्हणाले, पण उरलेले कर्ज गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होते.

मी १२ जून २०२३ पासून गाळ्यावर जाऊ लागलो. सुरुवातीला ९,००० रुपये मिळत, दुसऱ्या वर्षी १२,०००. पहिल्या वर्षी माझ्या पगारात हप्ताही पूर्ण होत नव्हता, उरलेले पैसे आई द्राक्षबागेतल्या मजुरीतून घाली. बहीण तेव्हा नववीत होती, तिची शाळा थांबू दिली नाही.

लिलाव झाला की ट्रॅक्टर काट्यावर जातो. वजनाची चिठ्ठी आली की त्यावरून शेतकऱ्याची हिशेबपट्टी तयार करायची, हमाली-तोलाई वजा करायची, रक्कम दिवाणजींकडून तपासून घ्यायची आणि संध्याकाळी दिवसभराच्या पट्ट्यांची बेरीज वहीतल्या रकमेशी जुळवायची, हे माझे काम. पहिले दोन महिने मी फक्त चिठ्ठ्या लावत होतो, ऑगस्टपासून पट्ट्या लिहू लागलो.

शेवटचा हप्ता एप्रिल २०२५ मध्ये गेला. वडील नोव्हेंबर २०२४ पासून गावातल्या एकांचा पिकअप चालवतात, फक्त माल चढवणे-उतरवणे करत नाहीत.

शाळा सोडल्याचा दाखला मी ९ जून २०२३ रोजीच काढला होता, कारण तेव्हा प्रवेश घेण्याचा विचार होता. तो घरीच आहे.

---

दप्तरदार

मूळ दाखला तुमच्या घरात आहे, ही या सगळ्यातली सर्वांत भक्कम गोष्ट आहे आणि तिचा तुमच्या मसुद्यात उल्लेखही नाही. कोणतेही महाविद्यालय प्रवेश देताना मूळ दाखला जमा करून घेते. तो दोन वर्षे तुमच्याजवळच राहिला, याचाच अर्थ तुम्ही मध्ये कुठे प्रवेश घेऊन सोडलेला नाही. कार्यालयाला गॅपच्या कागदातून मुख्यतः हेच पाहायचे असते.

नोकरीच्या कागदाचे असे आहे. गाळामालकाकडून मागील तारखेचे अनुभव प्रमाणपत्र करून घेऊ नका. ते द्यायला तयार असले तरी नको. आजच्या तारखेचे साधे पत्र घ्या, त्यात केव्हापासून केव्हापर्यंत, कोणते काम, रोखीने किती मोबदला, एवढेच चार ओळींत असावे आणि खाली सही व शिक्का असावा. आता मला एक सांगा, तुम्ही हप्त्याचे पैसे भरत होता ते कसे?

---

द्राक्षबाग_निफाड

दर महिन्याच्या आठ ते दहा तारखेला बँकेत जाऊन वडिलांच्या खात्यात रोख भरत होतो, तिथून हप्ता वळता होई. पासबुकात सगळ्या नोंदी आहेत. फक्त डिसेंबर २०२३ आणि जानेवारी २०२४ मधल्या रकमा कमी आहेत आणि उशिरा भरलेल्या आहेत. ८ डिसेंबरला कांद्याची निर्यातबंदी झाली, जिल्ह्यात काही दिवस लिलाव बंद राहिले आणि त्या महिन्यांचा पगार अर्धाच मिळाला. हे पत्रात लिहू का?

---

दप्तरदार

पत्रात नको, तिथे ते विषयांतर होईल. पण समितीने पासबुक पाहून विचारले तर हेच उत्तर द्या. खोटा कागद सगळीकडे सारखा गुळगुळीत असतो. तुमच्या नोंदी बाजार बंद पडला तेव्हाच खाली आल्या आहेत, आणि नाशिक जिल्ह्यातल्या कोणत्याही प्राध्यापकाला ते दिवस आठवतात.

---

शुभदा_वाचन

मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते, म्हणून भाषेपुरते सांगते. ‘अत्यंत गरीब’, ‘भीषण’, ‘दुःखाचा डोंगर’ हे शब्द काढून टाका, कारण ते शंभर पत्रांत सारखेच असतात आणि वाचणाऱ्याला त्यातून तुमचे घर दिसत नाही. ‘उजव्या मांडीचे हाड मोडले आणि दीड वर्ष गाडी चालवता आली नाही’ यातून दिसते. ‘मिळेल ते काम’ हा शब्दप्रयोग तर तुमचे नुकसानच करतो. तुम्ही दोन वर्षे एकाच ठिकाणी टिकून हिशेबाचे काम केले आहे आणि अर्ज वाणिज्य शाखेसाठी आहे. ‘कृपा करून’ही नको, गुणवत्तेवर प्रवेश मागणाऱ्याने विनंती करावी, याचना करू नये.

दप्तरदारांशी एका बाबतीत मात्र माझे मत जुळत नाही. केवळ तारखा आणि रकमा यांचे पत्र कोरडे होईल. शिक्षण सुटले तेव्हा या मुलाला काय वाटले, त्याचे एखादे वाक्य असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

---

विनायक_७

शिष्यवृत्तीची अट मी पुन्हा वाचली, ‘अभ्यासक्रमाच्या कालावधीत’ असेच शब्द आहेत. माझी चूक झाली. पण एक शंका उरतेच. धागाकर्ता प्रवेशानंतरही काम करणार असेल, तर ते पत्रात सांगू नये. उपस्थितीचा प्रश्न निघेल आणि होणारे काम बिघडेल.

---

दप्तरदार

शुभदाताई, वाक्य असू द्या, पण एकच, आणि ते खरे घडलेल्या गोष्टीचे असावे, भावनेचे नाव घेणारे नसावे.

विनायकराव, इथे मी उलट सांगेन. वडील पूर्ण क्षमतेने काम करत नाहीत, हे पत्रात येणारच आहे. मग घर कसे चालणार, हा प्रश्न समितीपुढे उभा राहील. त्याचे उत्तर पत्रात नसेल तर ते स्वतःच अंदाज बांधतील. कामाचे तास आणि वर्गाचे तास शेजारी शेजारी लिहिले की संशय जातो. अर्थात, माझ्या पाहण्यात असे प्राचार्यही होते ज्यांना विद्यार्थ्याने काम करणे मुळीच पसंत नव्हते. तेव्हा हा धोका अगदीच नाही, असे मी म्हणणार नाही.

---

विनायक_७

मग निदान तो परिच्छेद शेवटी तरी ठेवा. मला अजूनही ते सांगणे अनावश्यक वाटते.

---

द्राक्षबाग_निफाड

तीन दिवस विचार करून पुन्हा लिहिले. कामाचे तास लिहिले आहेत, कारण गावात सर्वांना माहीत आहे आणि उद्या कोणीतरी सांगेलच.

> प्रति,
> मा. प्राचार्य महोदय,
>
> विषय : जून २०२३ ते मे २०२५ या कालावधीतील शैक्षणिक खंडाबाबत.
>
> महोदय,
>
> मी फेब्रुवारी-मार्च २०२३ च्या परीक्षेत वाणिज्य शाखेतून ७८.३३ टक्के गुणांनी बारावी उत्तीर्ण झालो असून २०२५-२६ साठी प्रथम वर्ष बी.कॉम.ला अर्ज केला आहे. मधल्या दोन शैक्षणिक वर्षांत मी कोठेही प्रवेश घेतलेला नाही. शाळा सोडल्याचा दि. ९ जून २०२३ चा मूळ दाखला माझ्याकडे असून तो प्रवेशाच्या वेळी सादर करीत आहे.
>
> माझे वडील स्वतःच्या टेम्पोवर मालवाहतूक करीत. दि. १७ मे २०२३ रोजी झालेल्या अपघातात त्यांच्या उजव्या मांडीचे हाड मोडले, शस्त्रक्रिया करावी लागली आणि पुढील दीड वर्ष त्यांना वाहन चालवता आले नाही. टेम्पोच्या कर्जाचा मासिक हप्ता ११,४०० रुपये होता आणि माझी धाकटी बहीण शाळेत शिकत होती. आईची शेतमजुरी एवढेच उत्पन्न उरल्यामुळे मी प्रवेश न घेता काम करण्याचा निर्णय घेतला.
>
> दि. १२ जून २०२३ ते ३१ मे २०२५ या काळात मी पिंपळगाव बसवंत येथील एका कांदा व्यापाऱ्याकडे पूर्णवेळ काम केले. वजनाच्या चिठ्ठीवरून शेतकऱ्यांची हिशेबपट्टी तयार करणे, हमाली व तोलाई वजा करणे आणि दिवसअखेर सर्व पट्ट्यांची बेरीज वहीशी जुळवणे हे माझे काम होते. मोबदला रोखीने मिळत असल्याने वेतनपत्रक नाही. व्यापाऱ्याचे पत्र आणि ज्या खात्यात मी दरमहा हप्त्याची रक्कम भरली त्या पासबुकाची प्रत सोबत जोडली आहे. बारावीची पुस्तपालनाची वही मी गाळ्यावर नेऊन ठेवली होती आणि नोंद अडली की ती उघडत असे.
>
> कर्जाचा शेवटचा हप्ता एप्रिल २०२५ मध्ये भरला गेला आहे. वडील नोव्हेंबर २०२४ पासून पुन्हा वाहन चालवीत असून त्यांचे उत्पन्न सुरू झाले आहे. त्यामुळे ज्या कारणास्तव मला थांबावे लागले ते आता उरलेले नाही. महाविद्यालयाचे सकाळ सत्र साडेअकरा वाजता संपते. त्यानंतर दुपारी दोन ते सहा या वेळेत मी त्याच ठिकाणी हिशेबाचे काम करणार आहे आणि परीक्षेच्या काळात रजा देण्याचे व्यापाऱ्याने मान्य केले आहे.
>
> वरील खंड ग्राह्य धरून माझ्या अर्जाचा विचार व्हावा, ही विनंती.
>
> आपला विश्वासू,

---

शुभदा_वाचन

पुस्तपालनाच्या वहीचे वाक्य तसेच ठेवा. मी जे म्हणत होते ते हेच होते. वडिलांच्या रुग्णालयाचे कागद जोडावेत की नाही, याचा मात्र विचार करा. सर्व तपासण्या आणि औषधांच्या याद्या देण्याची गरज नाही, घरी सोडताना मिळालेल्या कागदाची एक प्रत पुरेशी आहे आणि तीही वडिलांना विचारूनच द्यावी.

---

दप्तरदार

पत्र चांगले झाले आहे. आता प्रतिज्ञापत्र या पत्राशी ओळीओळीने ताडून पाहा. टंकलेखकाकडच्या तयार नमुन्यात पुष्कळदा ‘सदर कालावधीत मी घरीच होतो व कोठेही शिक्षण अथवा नोकरी केलेली नाही’ असे ठोकळेबाज वाक्य असते. मुले न वाचता सही करतात. मग पत्र म्हणते काम केले आणि शपथेवरचा कागद म्हणतो केले नाही. माझ्या काळात एका मुलीचे साहाय्य केवळ या विसंगतीमुळे दोन महिने अडकले होते. तारखाही दोन्हीकडे त्याच हव्यात.

---

द्राक्षबाग_निफाड

काका, आज निफाडला जाऊन आलो. आपण सांगितले तेच वाक्य नमुन्यात होते. ते काढून ‘कोठेही प्रवेश घेतलेला नाही, कुटुंबाच्या उदरनिर्वाहासाठी काम करीत होतो’ असे करायला सांगितले. टंकलेखक आधी म्हणाले की असे कोणी लिहीत नाही, पण नंतर त्यांनी पान नव्याने काढून दिले. महाविद्यालयाने मुद्रांक मागितला नाही, साध्या कागदावरचे तहसील कार्यालयातले चालेल असे खिडकीवर सांगितले. वडिलांनी रुग्णालयाच्या कागदाची प्रत स्वतःच काढून आणली.

पत्र दोन प्रतींत दिले. शुल्क-साहाय्य समितीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे.

---

दप्तरदार

दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतला का? नसेल घेतला तर उद्याच जाऊन घ्या, बैठकीआधी कागद फाइलीला लागला आहे की नाही ते त्याच क्रमांकाने विचारता येते.

---

द्राक्षबाग_निफाड

शिक्का घेतला आहे. क्रमांक पासबुकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवला आहे.